गोल्ड मिनी, मार्केट ऑर्डर आणि स्लिपेज: डेटाच्या वेळी नेमकं काय होतं

प्रश्न: मी एमसीएक्सवर सोन्याचा छोटा वायदा, गोल्ड मिनी, करतो. अमेरिकेचा महागाईचा आकडा आला तेव्हा मार्केट ऑर्डर मारली, स्क्रीनवर दिसत होता त्यापेक्षा दीडशे रुपये वर भरली. ब्रोकरने गडबड केली का? लिमिट लावली असती तर वाचलो असतो का? आणि स्टॉपलॉस एसएल लावायचा की एसएल-एम?

उत्तर:

ब्रोकरने गडबड केली असण्याची शक्यता फार कमी आहे, पण ते तपासता येतं, कसं ते पुढे सांगतो. लिमिटने पैसे वाचले असते, फक्त कदाचित सौदाच झाला नसता. स्टॉपलॉसबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण खरं नुकसान तिथे होतं, एंट्रीच्या दीडशे रुपयांत नाही.

आधी स्क्रीनवरच्या भावाबद्दल. मोठ्या अक्षरात जो आकडा दिसतो तो एलटीपी, म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो. तो होऊन गेलेला सौदा आहे, दुसऱ्या दोघांचा. तुम्हाला त्या भावात सोनं द्यायला आत्ता कोणी उभं आहे का हे एलटीपी सांगत नाही, ते डेप्थमध्ये दिसतं, जिथे एका बाजूला खरेदीदारांचे पाच भाव म्हणजे बिड आणि दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे पाच भाव म्हणजे आस्क असतात. शांत बाजारात एलटीपी, बिड आणि आस्क इतके जवळजवळ असतात की फरक जाणवत नाही, म्हणून माणसाला एलटीपी बघूनच ऑर्डर मारायची सवय लागते, आणि ती सवय डेटाच्या वेळी महाग पडते.

आता आकडे घेऊन बघू. हे आकडे समजायला घेतलेत पण डेप्थ साधारण अशीच दिसते. गोल्ड मिनीचा लॉट 100 ग्रॅमचा, भाव 10 ग्रॅमचा, त्यामुळे भाव 1 रुपया हलला की एका लॉटला 10 रुपये. समजा संध्याकाळचे साडेपाच वाजलेत, एलटीपी 1,20,008 आहे. विकणाऱ्यांच्या बाजूला 1,20,012 ला 3 लॉट, 1,20,015 ला 5 लॉट, 1,20,019 ला 4 लॉट. खरेदीच्या बाजूला सगळ्यात वरचा बिड 1,20,004. तुम्ही 10 लॉटची बाय मार्केट मारलीत. एक्स्चेंज काय करतं, सगळ्यात स्वस्त विकणाऱ्यापासून सुरुवात करतं: 3 लॉट 12 ला, 5 लॉट 15 ला, उरलेले 2 लॉट 19 ला. सरासरी आली 1,20,014.90. एलटीपीपासून जेमतेम 7 रुपयांचा फरक, दहा लॉटवर 690 रुपये. एवढ्याकडे कोणी बघतसुद्धा नाही.

आता तीच ऑर्डर आकडा येतो त्या सेकंदाला. अमेरिकेचा महागाईचा आकडा आणि रोजगाराचा आकडा, दोन्ही तिकडच्या सकाळी साडेआठला येतात. म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळी 6 ला, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचं घड्याळ मागे गेलं की मार्चपर्यंत 7 ला. सहाला काही सेकंद असताना डेप्थकडे बघत बसा, ऑर्डर मारू नका, फक्त बघा. आकडे गायब व्हायला लागतात. 12 ला 3 लॉट होते ते नाहीत, 15 चे नाहीत. मग दिसतं असं: 1,20,060 ला 1 लॉट, 95 ला 2, 140 ला 1, 180 ला 3, 260 ला 5. एलटीपी मात्र अजून 1,20,008 च दाखवतोय, कारण मधल्या काही सेकंदांत सौदाच झालेला नाही. तुम्ही 10 लॉट बाय मार्केट. 1 लॉट 60 ला, 2 लॉट 95 ला, 1 लॉट 140 ला, 3 लॉट 180 ला आणि शेवटचे 3 लॉट 260 ला. सरासरी 1,20,171. एलटीपीपासून 163 रुपये वर, दहा लॉटवर 16,300 रुपये, हेच स्लिपेज. आणि पाऊण मिनिटात भाव परत 1,20,080 ला येऊन बसतो, म्हणजे एंट्री झाल्या झाल्या तुम्ही दहा लॉटवर 9,100 रुपये तोट्यात.

यात कोणी तुमच्याविरुद्ध काही केलेलं नाही. त्या डेप्थमध्ये जे विकणारे उभे होते त्यातले बरेच जण दोन्ही बाजूंना भाव लावून मधला फरक कमावणारे असतात, आणि ते आपला सौदा न्यूयॉर्कच्या कॉमेक्सवर कव्हर करतात. एमसीएक्सचा भाव मुळात तिकडच्या डॉलरमधल्या भावावर, डॉलर-रुपयावर आणि आपल्या आयात शुल्कावर चालतो. आकडा यायच्या क्षणी तिकडचा भाव पुढच्या सेकंदाला कुठे असेल हे त्यांना माहीत नसतं, तेव्हा ते जुन्या भावात विकायला का उभे राहतील? ते ऑर्डर काढून घेतात, आकडा आला की नवीन भावात परत लावतात. मधल्या त्या काही सेकंदांत डेप्थ पोकळ असते आणि नेमक्या तेव्हाच आपली मार्केट ऑर्डर जाऊन पडते. मार्केट ऑर्डरचा अर्थच तो आहे, भाव कुठलाही द्या पण सौदा आत्ता करा, आणि एक्स्चेंज ते अगदी प्रामाणिकपणे करतं.

ब्रोकरचं तपासायचं असेल तर ट्रेडबुक उघडा. एका ऑर्डरसमोर चार-पाच वेगवेगळ्या भावांचे तुकडे दिसले तर वर सांगितलं तेच झालंय. मग कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये ऑर्डरची वेळ आणि ट्रेडची वेळ दोन्ही असतात, त्यात किती अंतर आहे ते बघा. आणि त्याच कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे त्याच महिन्याच्या गोल्ड मिनीचा, एक मिनिटाचा चार्ट लावा. तुमचे सगळे भाव त्या मिनिटाच्या कँडलच्या हाय आणि लो च्या आत असतील तर सौदे बाजारात झालेत, वाद घालण्यासारखं काही नाही. ऑर्डर आणि ट्रेडमध्ये बरेच सेकंद गेले असतील, किंवा भाव कँडलच्या बाहेर असेल, तर मात्र लेखी विचारा. बऱ्याचदा लोक मोठ्या गोल्डचा चार्ट लावून मिनीचा भाव तपासतात किंवा पुढच्या महिन्याचा चार्ट लावतात आणि भांडायला जातात, तेवढं टाळा.

आता लिमिट. तुम्ही त्याच क्षणी 10 लॉटची बाय लिमिट 1,20,100 ला लावली असती तर 1 लॉट 60 ला आणि 2 लॉट 95 ला मिळाले असते, तीन लॉटची सरासरी साधारण 1,20,083. उरलेले 7 लॉट 1,20,100 ला बिड म्हणून पेंडिंग राहिले असते. हे नीट लक्षात घ्या कारण पुष्कळ जणांचा इथे गोंधळ होतो, बाय लिमिट 1,20,100 म्हणजे 1,20,100 लाच घेणार असं नाही. त्याहून स्वस्त जे काही उपलब्ध आहे ते आधी मिळतं, 100 हा फक्त वरचा टोकाचा भाव आहे, त्याच्यावर एक रुपया देणार नाही एवढंच तुम्ही सांगितलंय. म्हणून अनुभवी माणूस घाईत असला तरी मार्केट न मारता आस्कच्या थोडी वर लिमिट लावतो. सौदा मार्केटसारखाच पटकन होतो पण 260 ला जाऊन भरण्याचा धोका राहत नाही. "थोडी वर" म्हणजे किती, तर शांत वेळी 15-20 रुपये पुरतात, हलत्या बाजारात मी स्वतःला विचारतो की किती जास्त भावाला हा सौदा मला नकोच आहे, तो आकडा लिमिट. तो आकडा सौद्याच्या हिशोबातून यायला हवा. टार्गेट 400 रुपयांचं असेल तर एंट्रीलाच 160 घालवून सौदा घेण्यात काय राहिलं?

उरलेल्या 7 लॉटचं काय होतं हा मात्र खरा मुद्दा आहे आणि इथे लिमिटची किंमत दिसते. ते पेंडिंग बिड दोनच परिस्थितीत संपतं. भाव वर निघून गेला तर तुम्हाला ते लॉट मिळत नाहीत, म्हणजे तुमचा अंदाज बरोबर होता पण माल तीनच लॉटचा. आणि भाव खाली आला तर सगळे 7 लॉट पटापट भरतात, कारण आता सगळे विकतायत आणि समोर तुमचं बिड उभं आहे. म्हणजे जिंकायच्या वेळी थोडे लॉट, हरायच्या वेळी पूर्ण लॉट. हे एकदा दोनदा घडलं तर नशीब म्हणू शकता पण लिमिटचा तो स्वभावच आहे, बऱ्याच सौद्यांची सरासरी काढली की स्पष्ट दिसतं. त्यावर उपाय म्हणजे व्हॅलिडिटीमध्ये डे ऐवजी आयओसी निवडायची. जेवढं लगेच मिळेल तेवढं घेतलं जातं आणि बाकीचं आपोआप रद्द होतं, मग डोकं शांत ठेवून परत बघायचं की अजून घ्यायचं का. डेटाच्या आसपास एंट्री करायचीच असेल तर मी लिमिट अधिक आयओसी हेच सांगेन. आणि खरं सांगायचं तर आकडा आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबलं की स्प्रेड, म्हणजे बिड आणि आस्कमधला फरक, परत आठ-दहा रुपयांवर येतो आणि एवढा खटाटोप लागतही नाही.

पण म्हणून मार्केट ऑर्डर वाईट असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जळगावचा एखादा सराफ घ्या. गिऱ्हाईकाला आजच्या भावात 200 ग्रॅमचे दागिने देण्याचा शब्द दिलाय, आगाऊ पैसे घेतलेत, सोनं अजून उचललेलं नाही. भाव वाढला तर नुकसान त्याचं, म्हणून तो मिनीचे 2 लॉट घेऊन ठेवतो. त्याने आस्क 1,20,012 असताना 30 रुपये खाली बाय लिमिट लावली आणि भाव न थांबता 600 रुपये वर गेला, तर त्याने वाचवायचे होते 600 रुपये आणि गमावले 12,000. त्याच्यासाठी भरणं महत्त्वाचं, भाव नाही. शांत बाजारात 2 लॉटला मार्केट मारून त्याचे फार तर शे-दीडशे रुपये जादा गेले असते. जो सौदा न झाल्याने मोठं नुकसान आहे तिथे भावावर घासाघीस करायची नाही, आणि जो सौदा न झाला तर काहीच बिघडत नाही तिथे भाव ठरवूनच आत जायचं. नवीन एंट्री जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारात मोडते. स्टॉपलॉस नेहमी पहिल्या प्रकारात.

तर स्टॉपलॉसकडे येऊ. समजा 1,20,000 ला 2 लॉट घेतलेत, स्टॉप 1,19,500. ठरवलेला तोटा 500 रुपये गुणिले 20, म्हणजे 10,000. आता एसएल लावताना दोन भाव द्यावे लागतात, ट्रिगर, म्हणजे ज्या भावाला ऑर्डर जागी होते तो, आणि लिमिट. बहुतेक जण ट्रिगर 1,19,500 आणि लिमिट 1,19,490 देतात, कारण त्यांना वाटतं लिमिट जितकी जवळ तितका तोटा कमी. मग आकडा येतो, भाव 1,19,560 वरून सरळ 1,19,300 ला, मध्ये सौदाच नाही. ट्रिगर लागला, तुमची सेल लिमिट 1,19,490 ला बाजारात गेली, पण बाजार तिच्या 190 रुपये खाली आहे, 490 देणारा कोणीच नाही. ऑर्डर पेंडिंग. ॲपवर स्टॉपलॉस ट्रिगर झाल्याचं दिसतं, माणूस समजतो सुटलो, आणि पोझिशन मात्र अजून चालूच. आठ वाजता बघतो तर भाव 1,18,700, तोटा 26,000. ठरवला होता दहाचा.

त्या जागी एसएल-एम असता तर ट्रिगर लागल्यावर मार्केट सेल गेली असती आणि त्या पोकळ डेप्थमध्ये समजा सरासरी 1,19,290 ला बाहेर पडलात. तोटा 14,200. ठरवल्यापेक्षा 4,200 जास्त, ते स्लिपेज, वाईट वाटतं, पण तुम्ही बाहेर आहात. आणि तिसरा मार्ग, जो मला सगळ्यात बरा वाटतो, एसएलच लावायचा पण ट्रिगर 1,19,500 आणि लिमिट मुद्दाम लांब, 1,19,100. लोक घाबरतात की मग 100 ला विकलं जाईल. नाही जात. बाजारात 1,19,290 चे बिड असतील तर 290 च मिळतात, वर खरेदीत सांगितलं तेच उलट बाजूने. 1,19,100 म्हणजे याच्या खाली विकू नका एवढाच अर्थ. म्हणजे भरायला जवळजवळ एसएल-एम इतकीच खात्री, पण अगदीच वेडावाकडा एखादा बिड, समजा हजार रुपये खालचा, त्यावर जाऊन आदळण्यापासून संरक्षण. काही ब्रोकर सगळ्या ठिकाणी एसएल-एम देतही नाहीत, आणि काही जण मार्केट ऑर्डरलाच आतून एक टक्केवारीची मर्यादा लावून पाठवतात, तेव्हा तुमच्याकडे नेमकं काय आहे ते शांत दिवशी एका लॉटवर करून बघा. मार्केट मारूनही ऑर्डर पेंडिंग दिसली आणि तिच्यापुढे एक लिमिट भाव दिसला तर समजा अशी मर्यादा लागलेली आहे.

लिमिट किती लांब ठेवायची याला पक्का नियम नाही. मी मागच्या काही डेटाच्या दिवशी पहिल्या मिनिटाची कँडल केवढी होती ते बघतो आणि साधारण तेवढं अंतर देतो. 300 रुपयांच्या कँडल पडत असतील तर 10 रुपयांचं अंतर ठेवण्याला काही अर्थ नाही. आणि मग तोट्याचा हिशोब ट्रिगरवर न करता लिमिटवर करायचा. वरच्या उदाहरणात 500 नाही तर 900 धरायचे, आणि 10,000 च्या वर तोटा परवडत नसेल तर लॉट दोनाचा एक करायचा. मिनीऐवजी 10 ग्रॅमचा गोल्ड टेन पण आहे, त्यात 1 रुपयाला 1 रुपयाच हलतो, अगदी बारीक मोजून पोझिशन घेता येते, फक्त छोट्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आणि विशेषतः लांबच्या महिन्यात डेप्थ विरळ असते, ती उघडून बघूनच शिरा. गोल्ड आणि गोल्ड मिनी महिन्याच्या 5 तारखेला संपतात, त्याच्या आधीच लोक पुढच्या महिन्यात सरकतात आणि जुन्या महिन्याचा स्प्रेड रुंद होतो. त्या दिवसांत डेटा नसतानाही स्लिपेज मिळतं आणि लोकांना कारण कळत नाही. उलट बाजूनेही सांगतो, तुम्ही कायम 10-10 लॉट मिनी करत असाल तर तो 1 किलोच झाला, मोठ्या गोल्डच्या एका लॉटएवढा. दोघांच्या डेप्थ शेजारी शेजारी उघडून बघा, मोठ्यात तेवढाच माल बऱ्याचदा एका भावात निघतो. तुकड्यांत बाहेर पडायची सोय मात्र तिथे नाही.

आता जिथे कुठलीच ऑर्डर कामाला येत नाही ती जागा, गॅप. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह व्याजदराचा निर्णय तिकडे दुपारी दोनला जाहीर करते. आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात ती वेळ रात्री साडेअकराची, म्हणजे एमसीएक्स बंद होतं नेमकं तेव्हा. हिवाळ्यात एमसीएक्स 11.55 पर्यंत चालतं, पण निर्णय येतो साडेबाराला. म्हणजे वर्षभर हा निर्णय आपला बाजार बंद झाल्यावरच येतो, कॉमेक्सवर रात्रभर जे व्हायचं ते होतं आणि आपल्याला ते सकाळी नऊला एका उडीत मिळतं. शिवाय डे व्हॅलिडिटीचा स्टॉपलॉस रात्रीच रद्द झालेला असतो, पोझिशन तशीच. जीटीटी, म्हणजे ट्रिगर लागेपर्यंत टिकणारा स्टॉपलॉस, लावून ठेवला असेल तर तो ब्रोकरकडे जपून ठेवलेला असतो, सकाळी पहिला भाव ट्रिगरच्या खाली दिसला की तो लिमिट ऑर्डर पाठवतो, आणि ती लिमिट गॅपच्या वर राहिली तर पुन्हा तेच, पेंडिंग.

2025 च्या दिवाळीत हे सगळ्यांनी बघितलं. 20 ऑक्टोबरला जागतिक बाजारात सोन्याने 4,380 डॉलरच्या आसपास उच्चांक केला. 21 ला लक्ष्मीपूजन, आपल्याकडे दुपारी फक्त तासाभराचं मुहूर्त ट्रेडिंग. त्याच दिवशी जागतिक बाजारात सोनं 5 टक्क्यांहून जास्त पडलं, कित्येक वर्षांत एका दिवसात झालेली एवढी मोठी घसरण नव्हती, आणि एमसीएक्स बंद. 22 ला बलिप्रतिपदा, सकाळचं सत्र बंद, बाजार उघडला तो संध्याकाळी पाचला, थेट खाली. मुहूर्तावर लाँग घेतलेल्या, म्हणजे खरेदी करून बसलेल्या, माणसाने स्टॉपलॉस कुठेही लावला असता तरी त्याला पाच वाजताचाच भाव मिळणार होता, कारण मधल्या भावांना एमसीएक्सवर सौदाच झाला नाही. त्यात ज्यांची जवळची लिमिट होती ते तर पाच वाजताही बाहेर पडले नाहीत.

बाजार चालू असतानाही अशी उडी येते. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्के केलं. जागतिक भाव जागेवरच होता, पण इथला भाव शुल्कासकट असतो, त्यामुळे निव्वळ गणिताने साडेसात टक्क्यांहून जास्त घसरण निघते. त्या दिवशी एमसीएक्सवर ऑगस्टचा वायदा 4,000 रुपयांच्या आसपास खाली गेला, घोषणा झाली त्या क्षणी खरेदीदारांनी बिड काढून घेतले आणि विकणारे सगळे एकदम आले. महागाईच्या आकड्यानंतर भाव निदान परत जागेवर यायची शक्यता तरी असते, इथे सोन्याचा भावच कायमचा बदलला होता. अशा दिवशी एसएल-एमवाला दोन-चारशे रुपये स्लिपेज देऊन सुटतो आणि "परत वर येईल, तेव्हा 490 ला निघेल" म्हणत लिमिटवर बसलेला अडकतो. त्यात एमसीएक्सवर सोन्याला दिवसाची भावमर्यादा असते, सुरुवातीला 3 टक्के आणि मग टप्प्याटप्प्याने वाढवली जाते. भाव मर्यादेला टेकला की समोर खरेदीदारच उरत नाही आणि मार्केट ऑर्डरही रांगेत पडून राहते.

म्हणून फेडच्या रात्री, लांब सुट्टीच्या आधी किंवा अर्थसंकल्पाच्या दिवशी सोनं हातात ठेवायचंच असेल तर स्टॉपलॉसच्या भरवशावर ठेवू नका. एक तर लॉट इतके कमी करा की 4-5 टक्क्यांची उडी सहन होईल. 1,20,000 च्या भावात 5 टक्के म्हणजे 6,000 रुपये, मिनीच्या एका लॉटला 60,000, हा आकडा मोठ्याने म्हणून बघा आणि मग ठरवा. नाहीतर लाँगसोबत त्याच सोन्याचा पुट घ्या, म्हणजे ठरलेल्या भावाला, स्ट्राइकला, विकण्याचा हक्क. पुटला ट्रिगर लागायची गरज नसते, बाजार बंद असताना भाव पडला तरी सकाळी पुटची किंमत वाढलेलीच असते, तोटा स्ट्राइकच्या खाली जवळजवळ थांबतो. त्यासाठी प्रीमियम आधी द्यावा लागतो आणि काही झालं नाही तर तो जातो. गोल्डच्या ऑप्शनची डेप्थ वायद्यापेक्षा खूप विरळ असते, बिड 900 आणि आस्क 1,050 असंही दिसतं, तिथे मार्केट ऑर्डर अजिबात मारू नका. दोन्हींच्या मध्ये, 970-980 ला लिमिट लावा, नाही भरली तर दर मिनिटाला पाच-दहा रुपयांनी वर सरकवा, आणि हे सगळं आठ-नऊ वाजेपर्यंत उरका, कारण बंद व्हायच्या शेवटच्या अर्ध्या तासात फेडच्या भीतीने तोच पुट महागलेला असतो आणि विकणाराही सापडत नाही.